गोल गळा ताणतो का?

नमस्कार, श्रोतेहो.

खणाचा ब्लाउज शिवताना आपण अस्तर आणि खण सुलट बाजू आत ठेवून जोडतो, गळ्यावर टीप मारतो आणि उलटवतो. मग गोल गळा आत ओढल्यासारखा दिसतो, कडेला बारीक चुण्या पडतात. इस्त्री कितीही फिरवा, त्या जात नाहीत.

दोष टिपेत नसतो, तिच्या आतल्या मायेत असतो. गळ्याचा खालचा भाग सात सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आहे असं धरू. टीप साधारण 22 सेंटिमीटर भरते. माया एक सेंटिमीटर सोडली असेल, तर तिची कड वर्तुळाच्या आत, म्हणजे सुमारे 19 सेंटिमीटरच. उलटवल्यावर मात्र तीच कड टिपेच्या बाहेर जाऊन बसते आणि तिथं तिला 25 सेंटिमीटर लागतात. सहा सेंटिमीटर कापड आणायचं कुठून? म्हणून ती टिपेलाच ओढून घेते.

आधी माया कापून अर्धा सेंटिमीटर करा. तूट एकदम निम्मी, तीन सेंटिमीटर होते. मग कात्रीच्या टोकानं टिपेकडे सरळ काप द्या. टिपेच्या आधी एक-दोन मिलिमीटर थांबायचं, टीप कापायची नाही. गोलाईवर दर सेंटिमीटरला एक काप, म्हणजे वीसेक काप होतात आणि प्रत्येक काप जेमतेम दीड मिलिमीटर उघडतो. घाईत पाचच दिलेत तर प्रत्येकाला सहा मिलिमीटर उघडावं लागतं. मग गळा गोल न राहता कोनाकोनांचा होतो. सुलट बाजूनं असे कोन दिसले तर काप कमी पडलेत. चुणी एकाच जागी असेल तर तिथला काप उथळ राहिलाय.

खणाचे धागे लवकर सुटतात, म्हणून गोलाईवर टीप बारीक घ्या, दोन मिलिमीटरची. खणाचे आणि अस्तराचे काप एकमेकांसमोर न देता पुढेमागे द्या, म्हणजे एकाच ठिकाणी दोन्ही थर कमजोर होत नाहीत. काप झाले की माया अस्तराकडे वळवून अस्तरावर दाबटीप मारा, नाहीतर अस्तर बाहेर डोकावत राहतं. काप आधी, दाबटीप नंतर. उलट केलंत तर चुणी दाबटिपेतच पक्की होते.

मुलीच्या फ्रॉकच्या बेबी कॉलरचं गणित नेमकं उलटं. तिची बाहेरची गोलाई फुगीर, त्यामुळे मायेची कड टिपेपेक्षा लांब असते आणि उलटवल्यावर तिला जागा कमी पडते. तिथं नुसता काप दिला तर तुकडे एकमेकांवर चढतात आणि कॉलरच्या कडेला गाठी हाताला लागतात. म्हणून तिथं त्रिकोणी खाचा कापून कापड काढूनच टाकायचं. झिगझॅग कात्री असेल तर माया तिनंच कापा. खाचा आपोआप पडतात. कॉलर गळ्याला जोडते ती आतली कड मात्र गळ्यासारखीच, तिथं परत सरळ काप.