साठा संपला, पैसे कुठे गेले?

गोदामातल्या कर्मचाऱ्याच्या हातातील यंत्रावर पुढचे काम उमटते: अमुक रांग, अमुक कप्पा, एक प्रिंटर. तो कप्प्यापाशी येतो, संकेतपट्टी तपासतो आणि आत पाहतो, तर कप्पा रिकामा आहे. शेजारचे दोन कप्पे धुंडाळूनही वस्तू मिळत नाही, तेव्हा तो यंत्रावर ‘माल सापडला नाही’ अशी नोंद करतो. त्यानंतर काही वेळाने, कुठेतरी दूर, पैसे भरून निश्चिंत झालेल्या ग्राहकाला ऑर्डर रद्द झाल्याचा संदेश जातो.

खरेदीच्या पानावर ‘फक्त 1 शिल्लक’ असे लिहिलेले असते, ती कप्प्यातील वस्तूची नव्हे, तर संगणकातील नोंदीची माहिती असते. एकच विक्रेता तोच माल स्वतःच्या संकेतस्थळावर आणि आणखी दोन-तीन बाजारमंचांवर विकत असेल, तर एका ठिकाणी झालेली विक्री बाकीच्या ठिकाणी कळायला वेळ लागतो, आणि शेवटचा नग त्या मधल्या वेळात दोघांना विकला जातो. कधी ग्राहकाने परत पाठवलेला नग तपासणीआधीच साठ्यात धरला जातो, तर कधी फुटलेला नग बाजूला ठेवूनही त्याची वजावट नोंदवायची राहून जाते. यांतील कोणतेही कारण ग्राहकाच्या हातातले नसते. म्हणूनच अशा रद्द ऑर्डरीचा भुर्दंड त्याच्यावर पडता कामा नये, हे सुरुवातीलाच स्पष्ट म्हटले पाहिजे.

आता पैशांकडे वळू. कार्डाने पैसे भरले की ते त्याच क्षणी विक्रेत्याच्या खात्यात पोहोचतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तेथे दोन वेगळे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात ग्राहकाची बँक व्यवहाराला मंजुरी देते आणि तेवढी रक्कम रोखून ठेवते. दुसऱ्या टप्प्यात विक्रेता ती रक्कम प्रत्यक्ष वसूल करतो. काही विक्रेते ही वसुली ऑर्डर येताच करतात, तर काही जण माल रवाना होईपर्यंत थांबतात. साठ्याच्या चुकीमुळे ऑर्डर रद्द होते, तेव्हा व्यवहार या दोहोंपैकी कोणत्या टप्प्यावर होता, यावर पुढचे जवळजवळ सगळे अवलंबून असते.

वसुली झालेलीच नसेल, तर परत करण्यासारखे काही विक्रेत्याकडे आलेलेही नसते. तो फक्त मंजुरी रद्द करतो आणि बँक रोखलेली रक्कम मोकळी करते. अशा वेळी खात्यावर ‘जमा’ अशी वेगळी नोंद दिसत नाही. ‘पेंडिंग’ म्हणून दिसणारी मूळ नोंदच नाहीशी होते आणि उपलब्ध शिल्लक पूर्ववत होते. नेमकी येथेच अनेकांची तारांबळ उडते. ते जमा नोंदीची वाट पाहत राहतात आणि ती येत नाही म्हणून विक्रेत्याशी भांडतात, वास्तविक त्यांचे पैसे केव्हाच मोकळे झालेले असतात. याउलट, विक्रेत्याने मंजुरी रद्द केल्याचे बँकेला कळवलेच नाही, तर रक्कम मंजुरीची मुदत संपेपर्यंत अडकून राहू शकते. क्रेडिट कार्डावर त्यामुळे मर्यादा तेवढी कमी होते; डेबिट कार्डावर मात्र स्वतःचेच पैसे वापरता येत नाहीत, आणि त्या दिवसांत दुसरे देणे असेल तर अडचण खरी असते.

वसुली झालेली असेल, तर परतावा हा स्वतंत्र व्यवहार ठरतो. तो विक्रेत्याच्या बँकेकडून कार्ड कंपनीच्या जाळ्यामार्फत ग्राहकाच्या बँकेपर्यंत जातो आणि त्याला सहसा काही कामकाजाचे दिवस लागतात. ‘आम्ही पैसे पाठवले’ असे विक्रेता सांगतो आणि ‘आमच्याकडे काही आले नाही’ असे बँक सांगते, तेव्हा एकच गोष्ट मागावी: परताव्याचा एआरएन. हा 23 अंकी संदर्भ क्रमांक परतावा कार्डाच्या जाळ्यात पुढे गेल्यावर तयार होतो आणि त्यावरून ग्राहकाची बँक ती रक्कम शोधू शकते. पुरेसे दिवस उलटूनही विक्रेत्याला तो देता येत नसेल, तर परतावा बहुधा त्याच्याच बाजूला थांबलेला आहे, असे समजायला हरकत नाही.

एक उदाहरण धरू. प्रिंटरच्या किमतीचे शंभर भाग केले, तर ग्राहक महिलेने ऐंशी भाग क्रेडिट कार्डाने आणि वीस भाग भेटपत्राने भरले आहेत. ऑर्डर रद्द होते. कार्डाचे ऐंशी भाग कार्डावर आणि भेटपत्राचे वीस भाग सहसा भेटपत्राच्याच रूपात परत येतात, म्हणून कार्डावर कमी रक्कम आली तर ती चूकच असेल असे नाही. मधल्या काळात त्या भेटपत्राची मुदत संपली असेल, तर मात्र नवी मुदत मागणे सर्वस्वी रास्त आहे. कार्डाचे मासिक बिल परताव्याच्या आधी तयार झाले असेल, तर ‘पैसे परत येणारच आहेत’ म्हणून देय रक्कम थकवू नये. परतावा पुढच्या बिलात दिसू शकतो आणि उशिराचा दंड व व्याज तोवर सुरू झालेले असते. खरेदी परकीय चलनात असेल, तर वसुली आणि परतावा यांचे विनिमय दर वेगवेगळ्या दिवसांचे असतात, त्यामुळे परत आलेली रक्कम मूळ रकमेपेक्षा थोडी कमी किंवा जास्त भरते.

तिला विक्रेत्याचा आणखी एक संदेश येतो: ‘कृपया तुमच्या बाजूने ऑर्डर रद्द करा.’ ही विनंती साधी वाटते, पण ती मान्य करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. बाजारमंच विक्रेत्यांनी स्वतःहून रद्द केलेल्या ऑर्डरींचा हिशेब ठेवतात. ॲमेझॉनवर माल स्वतः पाठवणाऱ्या विक्रेत्याने हे प्रमाण 2.5 टक्क्यांच्या खाली ठेवणे अपेक्षित असते. ग्राहकाने रद्द केल्याची नोंद झाली की दोष विक्रेत्याच्या खात्यातून निघून जातो, आणि पुढे वाद झाला तर तीच नोंद ग्राहकाच्या विरोधात दाखवता येते. पैशांऐवजी पुढच्या खरेदीसाठी जमा रक्कम देऊ केली, तर तीही स्वीकारायची की नाही, हे ग्राहकाने ठरवायचे असते.

वस्तू त्याच किमतीत मिळावी, हा आग्रह मात्र अनेकदा टिकत नाही. पुष्कळ विक्रेत्यांच्या अटींत असे लिहिलेले असते की ऑर्डर मिळाल्याचा संदेश ही केवळ पोच आहे आणि विक्रीचा करार माल रवाना झाल्यावरच होतो. या अटी कितपत ग्राह्य धरल्या जातात आणि दुसरीकडून महाग घ्यावे लागल्यास फरक मागता येतो का, हे त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो. म्हणून ऑर्डरची पोच, पैसे भरल्याची पावती आणि रद्द करण्याचे कारण सांगणारा संदेश, ही तिन्ही जपून ठेवावीत.

परतावा देण्यासाठी विक्रेत्याला ग्राहकाचा ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही. रद्द ऑर्डरीचा हवाला देऊन तो मागणारा फोन फसवणुकीचाच असतो.

कबूल केलेली मुदत उलटूनही परतावा आला नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे व्यवहार उलटवण्याची, लेखी मागणी करता येते. ‘परतावा कबूल केला, पण दिला नाही’ हे त्यासाठी मान्य असलेले कारण आहे. मात्र या मागणीला मुदत असते, म्हणून विक्रेत्याच्या ‘आणखी थोडे थांबा’ या उत्तरांवर महिने घालवू नयेत. थेट बँक हस्तांतरणाने पैसे भरले असतील, तर हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो. तेथे बाजारमंचाची तक्रार व्यवस्था आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण यंत्रणा यांच्याकडेच जावे लागते.