पगारातून घरकर्ज किती झेपेल?

नमस्कार श्रोतेहो. मी ग्रामीण भागातल्या बँक शाखेत बरीच वर्षं कर्जाचे अर्ज तपासले. आता निवृत्त आहे, तरी अजून लोक पगारपत्रक घेऊन घरी येतात. दारव्हा तालुक्यातले एक शिक्षक असेच आले. म्हणाले, "सर, खात्यात अठ्ठेचाळीस हजार येते, अन् बँक म्हणते सतराच लाख भेटतील. असं कसं?"

बँक पगाराचा एक भाग हप्त्यांसाठी धरते, साधारण निम्मा. पगार मोठा असेल तर थोडा जास्तही धरते. या प्रमाणाला बँकेत एफओआयआर म्हणतात. त्या निम्म्यातून आधीचे चालू हप्ते वजा होतात आणि उरेल तोच नव्या घराचा हप्ता. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत वीस वर्षं असेल, तर एक लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. उरलेल्या रकमेला या आकड्यानं भागा, कर्ज किती लाख मिळेल ते कळेल.

सरांचा हिशेब बँकेनं असा केला होता. ४८,००० चे निम्मे २४,०००. त्यातून शिक्षक पतसंस्थेचा हप्ता ६,००० आणि मोटारसायकलचा ३,२०० वजा. उरले १४,८००, म्हणजे सतरा लाख.

मी पगारपत्रक पुढं ओढलं. एकूण पगार ६१,०००. निवृत्तिवेतनाची वर्गणी, व्यवसाय कर, गटविमा, आयकर असे मिळून ७,००० कापले जात होते. राहिले ५४,०००. आणि त्यातूनच पतसंस्थेचे ६,००० कापून खात्यात ४८,००० जमा होत होते. म्हणजे पतसंस्थेचा हप्ता खात्यात पैसे येण्याआधीच गेला होता, आणि बँकेनं तो पुन्हा एकदा वजा केला! खरा हिशेब ५४,००० वर व्हायला हवा. त्याचे निम्मे २७,०००, वजा ९,२००, उरले १७,८००. कर्ज होतं साडेवीस लाख. एकच हप्ता दोनदा धरल्यामुळं साडेतीन लाखांचा फरक पडला होता.

ही चूक मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती कुणी मुद्दाम करत नाही. खात्याच्या उताऱ्यावर पगाराची जमा दिसते, पतसंस्थेची कपात मात्र फक्त पगारपत्रकावर दिसते. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय ती कळत नाही. काही बँका एकूण पगारावर हिशेब करतात आणि सगळ्या कपाती टक्केवारीत मोजतात. म्हणून अधिकाऱ्यांना सरळ विचारा, "निम्मं कशाचं धरलं, आणि पतसंस्थेचा हप्ता कुठं वजा केला?"

सर खूश झाले. पण मी त्यांना विचारलं, घरी वावर आहे का? म्हणाले, "आहे ना, पाच एकर कोरडवाहू. पऱ्हाटी अन् सोयाबीन." बियाणं-खताला पैसा कोण देतं? "मीच. जूनमध्ये साठेक हजार लागते."

हा खर्च बँकेच्या हिशेबात येत नाही. वडिलांच्या नावावरचं पीककर्जही सरांच्या नावावर दिसत नाही. पण मार्चअखेर ते भरायची वेळ आली की पगारालाच हात लागतो. चांगल्या सालात कापूस विकून पैसे परत येतील, पण बोंडअळी आली किंवा पावसानं खंड दिला तर येणार नाहीत, आणि घराचा हप्ता त्याही महिन्यात जाणार. म्हणून मी साठ हजारांना बारानं भागलं आणि महिना ५,००० हा सरांचा हप्ताच धरला. १७,८०० चे झाले १२,८००, म्हणजे पावणेपंधरा लाख. सरांचा चेहरा उतरला, कारण त्यांना अठरा लाख हवे होते.

मग मोटारसायकलकडे वळलो. सातच हप्ते राहिले होते, फेडायला बावीस हजारांच्या आत रक्कम लागत होती. ते कर्ज बंद केलं की महिन्याचे ३,२०० मोकळे होतात, आणि ३,२०० च्या हप्त्यात घरकर्ज बसतं तब्बल पावणेचार लाखांच्या आसपास. पेरणीचे पैसे बाजूला ठेवूनही हप्त्यासाठी १६,००० उरले. अठरा लाखांचा हप्ता होतो १५,६०० च्या थोडा वर. बँकेच्या मापानं त्यांना आता चोवीस लाख मिळत होते, सरांनी अठराच घेतले.

एक काम मात्र त्यांनी अर्जाआधी केलं. मोटारसायकलचं कर्ज फिटल्यावर सिबिलच्या नोंदीत ते काही आठवडे चालूच दिसू शकतं, आणि अधिकारी तो हप्ता पुन्हा वजा करतात. म्हणून कर्ज फिटल्याचं पत्र घेऊन सरांनी ते पगारपत्रकाला टाचलं आणि अर्जासोबत दिलं.