रुजू होण्याआधीचं पत्र

नमस्कार श्रोतेहो.

रत्नागिरीजवळच्या मासळी प्रक्रिया कारखान्यांच्या कचेरीत मी बरीच वर्षं काम करतोय. नवीन माणूस कामावर घ्यायचं ठरलं की त्याला रुजू होण्याआधी कळवण्याचं काम माझ्याकडे असतं. कुठली तारीख, कुठले कागद आणि कुणाला भेटायचं, एवढंच त्यात कळवायचं असतं. हे कळवणं कसं असावं याबद्दल आज बोलणार आहे. आपल्या भागात काजूचे कारखाने आहेत, आंब्याचे कॅनिंग आहे, हॉटेलं आहेत. हे बोलणं तिथल्या मालकांसाठी आणि कचेरीतल्या मंडळींसाठी आहेच, पण ज्या मुलामुलींना पहिली नोकरी लागली आहे त्यांनीही ऐकावं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी ज्या कारखान्यात होतो, तिथे प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून एका मुलीची निवड झाली. राजापूर तालुक्यातलं खेडं, नुकतंच लग्न झालेलं. आम्ही तिला मोबाइलवर एक ओळ धाडली होती: एक तारखेला सर्व कागदपत्रांसह हजर राहावे. खाली सही होती व्यवस्थापनाची. ती ओळ माझ्याच हातची.

ती आली. पावसाने छत्री उलटी झालेली, पण कागद मात्र तिने प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत एकात एक घालून कोरडे ठेवले होते. टेबलावर तिने ते एकेक करून मांडले. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पॅनवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. बँकेच्या पासबुकावर माहेरचंच आडनाव, पण वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आम्ही 'सर्व कागदपत्रे' म्हटलं होतं आणि तिने सर्व आणली होती. तिची काही चूक नव्हती.

अडचण पुढे आली. भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा, जो बारा आकडी यूएएन क्रमांक असतो तो आधारवरच्या नावाने तयार होतो. त्याला पॅन आणि बँक खातं जोडायला गेलो की नावं जुळत नाहीत म्हणून दोन्ही परत येतात. आमच्या हिशेबनीसांनीही हजेरीपटावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव वेगळं बघून पगार रोखून धरला. पहिला पगार तिच्या हातात पडायला एकोणीस दिवस उशीर झाला. ती रोज सकाळी माझ्या टेबलाशी येऊन 'सर, आज काही कळलं का?' एवढंच विचारायची आणि आत प्रयोगशाळेत जायची. त्या एकोणीस दिवसांचं मला अजून वाईट वाटतं, कारण ते टाळता आले असते. निवड झाल्यापासून रुजू होईपर्यंत तिच्या हातात जवळजवळ महिना होता. त्या महिन्यात कागदांवर काय बघायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आता मी पत्र रुजू होण्याच्या तीन आठवडे तरी आधी पाठवतो. पॅनवरचं नाव दुरुस्त करून घ्यायला दोनतीन आठवडे धरून चालावं लागतं, आणि बँक त्यानंतरच खात्यावरचं नाव बदलते. दोन दिवस आधी गेलेल्या पत्राने माणूस फक्त झेरॉक्स काढू शकतो. चुकलेला कागद दुरुस्त करून घ्यायला त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ आपणच द्यायचा असतो.

पत्रात मी पहिल्यांदा हेच लिहितो: आधार, पॅन आणि पासबुक ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. जन्मतारीखही बघा. फरक दिसला तर लगेच फोन करा, रुजू होईपर्यंत थांबू नका. लग्न झालेल्या मुलींना मी आणखी एक विचारतो, की तुम्हाला हजेरीपटावर कुठलं नाव हवं आहे? माहेरचं ठेवायचं की सासरचं लावायचं हा तिचा प्रश्न, कचेरीने त्यात पडू नये. आपलं म्हणणं एवढंच, की जे असेल ते सगळीकडे एकच असावं. सासरचं हवं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागतो. गावात तो ग्रामपंचायतीत मिळतो. तो दाखवून आधी आधार, मग पॅन, मग बँक, असा क्रम ठेवावा. उलट्या क्रमाने गेलं की हेलपाटे वाढतात.

आता तारखेचं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ऑगस्ट उजाडला की बोटी बाहेर पडतात आणि कारखान्यात माल यायला लागतो. म्हणून आम्ही नवीन माणसं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घेतो, म्हणजे गर्दी सुरू होण्याआधी हात बसतो. हे कारण मी पत्रात लिहितो. कारण कळलं की माणूस तारीख सहसा पुढे ढकला म्हणत नाही, आणि खरीच अडचण असली तर आधी सांगतो. तारखेबरोबर वार लिहावा, महिना अक्षरात लिहावा. 'येत्या सोमवारी' असं कधी लिहू नये. गावात नेटवर्क कधी असतं, कधी नसतं, आणि निरोप चार दिवसांनी वाचला तर येता सोमवार बदललेला असतो. वेळ ठरवताना एसटीचा विचार करावा. आठला या म्हणायचं आणि गावाहून पहिली गाडीच साडेनवाला पोचते, तर तो माणूस पहिल्याच दिवशी उशिरा आलेला ठरतो.

यंदा प्रयोगशाळेत घ्यायच्या माणसासाठी मी जे पत्र तयार ठेवलंय, ते वाचून दाखवतो. 

"नमस्कार. प्रयोगशाळा मदतनीस म्हणून तुमची निवड झाली, तुमचं मनापासून स्वागत. आपण सोमवार, २७ जुलै २०२६ रोजी सकाळी साडेदहा वाजता रुजू व्हावं. ऑगस्टपासून माल सुरू होतो, त्याआधीचा आठवडा शिकण्यासाठी ठेवला आहे. एसटी स्टँडवरून एमआयडीसीची गाडी मिळते. फाटकावर तुमचं नाव देऊन ठेवलं आहे.

येताना आधार, पॅन, पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका आणि दोन फोटो आणावेत. मूळ कागद आम्ही फक्त बघू आणि तुमच्यासमोर लगेच परत देऊ. आधी कुठे नोकरी केली असेल तर जुना यूएएन क्रमांक आणि ती नोकरी सोडल्याची तारीख लिहून आणावी. खाद्यपदार्थांजवळ काम असल्यामुळे नोंदणीकृत डॉक्टरांचा आरोग्य तपासणीचा दाखला लागेल. त्याचा नमुना सोबत जोडला आहे. या कशासाठीही आम्ही पैसे घेत नाही. कुणी मागितले तर देऊ नयेत आणि आम्हाला कळवावं."

त्यानंतर नावं ताडून बघण्याचा मजकूर येतो, तो मघाशी सांगितलाच.

यातल्या दोन गोष्टी जरा उलगडून सांगतो. जुन्या नोकरीबद्दल विचारतो ते अशासाठी, की मुंबईची नोकरी सोडून गावी परत येणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना वाटतं नवीन कंपनी, नवीन पीएफ. तसं नसतं, यूएएन जन्मभर एकच. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसली तर मागचे पैसे इकडच्या खात्यात येत नाहीत. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले असतील तर ती तारीख माणूस स्वतः पीएफच्या संकेतस्थळावर भरू शकतो. ते घरी बसून आधीच करता येतं, म्हणून ते पत्रातच यायला हवं.

दुसरी गोष्ट मूळ कागदांची. गुणपत्रिका ठेवून घेणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. माणूस सोडून जाऊ नये म्हणून ठेवतात. ते चूक आहे, आणि त्या भीतीने मुलं मूळ कागद घरीच ठेवून येतात, मग पडताळणी राहते. परत देऊ हे लिहिलेलं असलं की ती निर्धास्तपणे आणतात. आधारची प्रत मोबाइलवर आधी पाठवायची असेल तर झाकलेल्या क्रमांकाची पाठवावी. तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि नाव ताडायला तेवढी पुरते. ओटीपी मात्र कुणालाही सांगू नये, अगदी आमच्या कचेरीतून फोन आला असं कुणी म्हटलं तरीही.

मालक मंडळींना एक सांगतो. हे स्वागताचं पत्र म्हणजे नियुक्तिपत्र नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. ते पहिल्या दिवशी हातात द्यावं.

आता राहिला संपर्काचा माणूस. पत्राच्या खाली 'व्यवस्थापन' किंवा 'कार्मिक विभाग' असं लिहिलं की फोन कुणाला करायचा हेच कळत नाही. पहिल्यांदा नोकरीला लागलेली मुलं कारखान्याच्या नंबरवर फोन करायला बिचकतात. फोन लागला तरी फाटकावरचा पहारेकरी उचलतो, त्याला पॅनचं काय माहीत? म्हणून खाली एका माणसाचं पूर्ण नाव, त्याचं काम, मोबाइल नंबर आणि फोन उचलायची वेळ लिहावी. मी लिहितो: दुपारी तीन ते पाच, तेव्हा मी टेबलावरच असतो. त्याखाली दुसऱ्या सहकाऱ्याचं नाव देतो, कारण माझीही रजा असते आणि पावसात माझ्याकडचीही लाइन जाते. प्रयोगशाळेतल्या मुलींसाठी ते दुसरं नाव तिथल्याच एका ताईंचं असतं. राहायची सोय, कपडे बदलायची खोली, संध्याकाळी परतीची गाडी, हे सगळं त्यांना मोकळेपणी विचारता येतं. मला कुणी विचारलं नसतं.

ज्याचं नाव पत्रात घातलंय त्याला आधी विचारलेलं असावं आणि कुठले कागद मागवलेत ते त्याला माहीत असावं. पत्र गेल्यावर आठ दिवसांत त्या बाजूने काही उत्तर आलं नाही, तर मी स्वतः फोन लावतो. 'कागद मिळाले का?' असं न विचारता 'तिन्हींवर नाव कसं लिहिलंय ते वाचून दाखवता का?' असं विचारतो. पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज येतो, आई कुठे ठेवलंय ते सांगत असते, आणि मग ती मुलगी एकेक अक्षर वाचायला लागते.

नमस्कार.