देगावची बस, दगडी पुलाची वाट

आषाढी दशमीची सकाळ. परभणीकडची लालपरी देगावच्या भीमा यात्रा स्थानकात शिरते आणि कंडक्टर दार उघडता उघडताच ओरडतो, "परत जायला इथंच यायचं बरं का! भीमा, भीमा!"

यात्रेत पंढरपूरच्या चारी बाजूंना एसटीची अशी चार स्थानकं असतात. मराठवाडा-विदर्भाच्या गाड्या इथे भीमावर. नाशिक, जळगाव, धुळ्याकडच्या विठ्ठल कारखान्यावर. सांगली, कोल्हापूर, कोकणच्या गाड्या आयटीआयजवळच्या पांडुरंग स्थानकावर आणि मुंबई-पुण्याच्या चंद्रभागानगरला. आपण कुठून आलो, त्यावर आपलं स्थानक ठरतं.

गाड्या एवढ्या बाहेर का थांबवतात, ते वरून पाहिलं की लगेच कळतं. एका अंगाला चंद्रभागा, तिच्या काठाला बिलगलेलं जुनं गाव, गावाच्या मधोमध देऊळ. दशमीला वाखरीहून सगळ्या पालख्या याच गावात येतात आणि एकादशीला दिंड्या नगरप्रदक्षिणा करतात. त्या बोळांत दोन पखवाजी शेजारी चालले की तिसऱ्याला अंग चोरावं लागतं. तिथे चारचाकी अडकली, तर मागची अख्खी दिंडी उभी राहते, आणि कुणाला भोवळ आली तर रुग्णवाहिकाही पोचत नाही. म्हणून आम्ही मनापासून सांगतो, आषाढीला स्वतःची गाडी आणू नका. एसटीनं या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट नाही, बायकांना अर्धं आहे.

या आजी त्याच बसमधून उतरल्या. नातवानं मोबाइलवर आधी बसच्या पाटीचा फोटो काढला, मग स्थानकाच्या फलकाचा. आजींची रीत वेगळी. तिकीट पदराच्या टोकाला बांधलं आणि वर दोन गाठी मारल्या.

"एक गाठ गाडीची, एक स्थानकाची. भीमा."

आता पायी. रस्त्याच्या कडेला पासष्ट एकरांत राहुट्या, तंबू, वाळत घातलेली लुगडी. मग दगडी पूल. हा पूल बुटका आहे. उजनीतून जास्त पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो आणि सगळी गर्दी वरच्या पुलावर वळते. आज पाणी खाली आहे. पुलाच्या मध्यावरून कळस दिसतो.

*(इथे दहा सेकंद निवेदन नाही. फक्त टाळ.)*

पददर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली. आजी रांगेत गेल्या नाहीत. स्नान झालं, महाद्वारातून नामदेव पायरीवर डोकं टेकवलं, कळसाला हात जोडले. झाली त्यांची वारी.

परतीला, द्वादशीच्या दिवशी, खूप माणसं चुकतात. "एसटी स्टँड कुठंय?" असं विचारलं, तर दाखवणारा कुठलंही स्टँड दाखवतो, आणि नदीच्या भलत्याच बाजूला पोचलेल्यांची संध्याकाळ तिथेच होते.

आजींनी पुलाच्या तोंडाशी बंदोबस्तावरच्या पोलिसाला थांबवलं. एका हातात चुरमुऱ्यांची पुडी, दुसऱ्या हातात पदराचं टोक.

"लेकरा, भीमा कुणीकडं?"

त्यानं पुलापलीकडे हात केला.