दुखत नाही, लालही नाही

गेल्या वर्षी एक नऊ वर्षांचा मुलगा आईबरोबर माझ्याकडे आला. तक्रार अशी, की वाचताना ज्या अक्षराकडे बघावं तेच पुसल्यासारखं दिसतं, शेजारची दिसतात. डोळा पांढराशुभ्र. पाणी नाही, दुखणं नाही. उजव्या डोळ्याने तक्त्यावरच्या तीनच ओळी वाचल्या, म्हणजे ६/२४: चांगला डोळा चोवीस मीटरवरून वाचतो ते त्याला सहा मीटरवरून दिसत होतं. चष्म्याची भिंगं लावून पाहिली, फरक पडेना. मग थेंब घालून बाहुली मोठी केली आणि आत पाहिलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग म्हणजे पीतबिंदू, त्याच्या बरोबर मधोमध एक पिवळट ठिपका होता.

आईला जरा बाहेर बसायला सांगितलं आणि त्याच्याशी बोलत राहिलो. हळूहळू निघालं. जत्रेतून हिरवा लेझर आणला होता. मामेभावाबरोबर पैज लागली होती, आरशात लेझर धरून कोण जास्त वेळ बघतो. हा जिंकला होता.

आता हे होतं कसं, ते समजून घ्या. दिव्याचा प्रकाश खोलीभर पसरतो, डोळ्यात त्याचा अगदी थोडा भाग शिरतो. लेझरचा झोत बारीक असतो, तो सगळाच्या सगळा बाहुलीतून आत जातो आणि डोळ्यातलं भिंग त्याला आणखी एका टिंबावर आणतं. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो, तसंच. आणि मूल झोताकडे सरळ बघत असेल तर ते टिंब पीतबिंदूवरच पडतं. वाचायला, चेहरे ओळखायला आपण वापरतो ती नेमकी हीच जागा. पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजलं तरी मूल रडत नाही.

एक मिलिवॅटच्या आतला लेझर चुकून डोळ्यावर आला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि डोळा वाचतो. पैज लावून डोळे ताणून धरले की हे संरक्षण संपलं. त्यात वेष्टनावरच्या आकड्याचा भरवसा नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मोजमाप संस्थेने १२२ पॉइंटर तपासले, त्याचे निष्कर्ष २०१३मध्ये आले. हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के तिथल्या सुरक्षा नियमात बसले नाहीत, लालपैकी ४४ टक्के. हिरवा जास्त वाईट का? बहुतेक हिरव्या पॉइंटरमध्ये आधी अवरक्त किरण तयार होतात आणि स्फटिकातून जाताना त्यांचा हिरवा होतो. उरलेले अवरक्त किरण अडवणारी गाळणी स्वस्त मालात अनेकदा बसवतच नाहीत. ते किरण दिसत नाहीत, म्हणून पापणीही मिटत नाही.

त्या मुलाचं पुढे काय झालं? या जखमेवर खात्रीचा इलाज नाही. आम्ही दर काही आठवड्यांनी ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं स्कॅन, करून बघत राहिलो. सहा महिन्यांनी नजर ६/१२वर आली. मधला ठिपका राहिला, तो आजही आहे. आईला याचा पत्ता आठवडाभर लागला नव्हता, आणि त्यात तिची चूक नाही. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा उणीव झाकून घेतो. शंका आली तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि चौकटीच्या वहीचं पान दाखवा. मधली रेघ वाकडी किंवा तुटलेली दिसते म्हणाला, की त्याच दिवशी दाखवायला आणा.

छर्ऱ्याच्या बंदुकीचं उलट असतं. तिथे मूल लगेच किंचाळतं, डोळा लाल होतो. पण तासाभरात शांत होऊन खेळायला लागतं, आणि फसगत तिथेच होते. एका सात वर्षांच्या मुलीला भावाच्या बंदुकीतला सहा मिलिमीटरचा प्लास्टिकचा छर्रा लागला होता. बसवून तपासलं तर पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेच्या मागे, खालच्या बाजूला, रक्ताची आडवी पातळी साचलेली, पेल्याच्या तळाशी गाळ बसतो तशी. डोळ्यावर कडक प्लास्टिकची ढाल लावली, थेंब दिले, उशा रचून डोकं वर ठेवून झोपायला सांगितलं. दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन दिलं तर रक्त पुन्हा वाहू शकतं. पुन्हा रक्त येण्याचा धोका दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वात जास्त. ही मुलगी तिसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून अंगणात पळापळ करून आली, आणि चौथ्या दिवशी निम्मा डोळा रक्ताने भरला. डोळ्यातला दाब वाढला, तिला दाखल करावं लागलं.

घरी असं झालं तर डोळा चोळू देऊ नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी कपाचा तळ कापून डोळ्याला न टेकता भोवतीच्या हाडावर बसवा, चिकटपट्टी लावा आणि निघा.

तिची नजर परत आली. पण फटक्याने बुबुळाच्या मुळाशी, डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याच्या कोपऱ्यात, चीर पडली आहे. अशा डोळ्यात कित्येक वर्षांनी काचबिंदू उमटू शकतो, तोही न दुखता. म्हणून ती दर दिवाळीच्या सुट्टीत दाब मोजायला येते. यंदा १६ निघाला, म्हणजे ठीक.