तापी आणि सतलज : सारखे पाणी, वेगळे वर्ष

(जळगाव येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, द्वीपकल्पातील नद्या वृद्ध आणि हंगामी, तर हिमालयातील नद्या तरुण आणि बारमाही, एवढे आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. हे विधान ढोबळ मानाने बरोबर असले तरी त्यामागची कारणे त्यात येत नाहीत, आणि वयाच्या बाबतीत तर ते अर्धेच खरे आहे. म्हणून आज मी सगळ्या नद्यांविषयी न बोलता दोनच नद्या समोर ठेवणार आहे : आपली तापी आणि पंजाबला पाणी देणारी सतलज.

ही जोडी निवडण्याचे कारण असे की तापीचे संपूर्ण खोरे सुमारे 65 हजार चौरस किलोमीटरचे आहे आणि भाक्रा धरणापर्यंतचे सतलजचे पाणलोट क्षेत्र सुमारे 57 हजार चौरस किलोमीटरचे. दोन्ही नद्या वर्षभरात वाहून नेतात ते एकूण पाणीही एकमेकांपासून फार दूर नाही. असे असूनही एप्रिल आणि मे महिन्यांत भुसावळजवळ तापीची धार क्षीण झालेली असते, आणि त्याच वेळी भाक्र्याच्या वर सतलज वाढू लागलेली असते. पाणी जवळपास सारखे असूनही वर्ष इतके वेगळे का जाते, हा आजचा मुख्य प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर समजण्यासाठी आधी दोन्ही खोरी कशी घडली ते पाहावे लागेल.

तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहून सुरतच्या पुढे समुद्राला मिळते. ती भुसावळच्या परिसरात येते तेव्हाच उंची 200 मीटरच्या आसपास उरलेली असते. म्हणजे उताराचा मोठा भाग खानदेशात शिरण्यापूर्वीच संपलेला असतो. द्वीपकल्पाचा सर्वसाधारण कल पूर्वेकडे असल्यामुळे गोदावरी, कृष्णा, महानदी या मोठ्या नद्या बंगालच्या उपसागराकडे जातात. तापी मात्र पश्चिमेकडे वाहते, कारण ती सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या भ्रंशांमुळे खचलेल्या लांबट द्रोणीतून जाते. या द्रोणीत लाखो वर्षे गाळ साचत राहिला आणि रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात काही ठिकाणी त्याची जाडी 200 मीटरहून अधिक आहे. याच मऊ गाळात नदीने नंतर आपले पात्र खोल कापले. म्हणून तापीचे काठ उंच, उभे आणि घळींनी चिरलेले दिसतात. पाणी इतके खाली असल्यामुळे जुन्या काळी तापीवरून पाट काढणे जवळपास अशक्य होते, तर पांझरेसारख्या उथळ उपनदीवर बंधारे बांधून फड पद्धतीने शेते भिजवता आली. खानदेशातील सिंचनाचा इतिहास मुख्य नदीपेक्षा उपनद्यांच्या काठी अधिक घडला, त्यामागे हे साधे भौगोलिक कारण आहे.

सतलजची गोष्ट वेगळी आहे. ती तिबेटमध्ये राक्षसतालाच्या परिसरात, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, म्हणजे हिमालयाच्या मुख्य रांगेच्या पलीकडे उगम पावते. शिपकी खिंडीजवळ ती भारतात येते, झांस्कर रांग, मुख्य हिमालय आणि शिवालिक ओलांडते आणि भाक्र्यापर्यंत सुमारे चार हजार मीटर खाली उतरते. डोंगररांगेच्या मागे उगम असलेली नदी रांग फोडून पुढे कशी आली? बहुतेक अभ्यासकांचे उत्तर असे की रांग उंचावण्यापूर्वीच नदी तेथे वाहत होती, आणि जमीन जसजशी वर येत गेली तसतशी नदी आपले पात्र खोल कापत गेली. अशा नदीला पूर्ववर्ती नदी म्हणतात.

यावरून वयाचा मुद्दा स्पष्ट होतो. तापी ज्या बेसाल्ट खडकावरून आणि गाळावरून वाहते, त्यातील लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा आहे, त्यामुळे तिचा आजचा मार्ग त्याहून जुना असू शकत नाही. सतलजचा प्रवाह आजच्या हिमालयाच्या उंचीपेक्षा जुना आहे; तरुण आहे ती तिची दरी, कारण तेथे जमीन अजून उचलली जात आहे आणि खनन थांबलेले नाही. नदीचे वय आणि दरीचे वय या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या म्हणजे पाठ्यपुस्तकातील वाक्याचा खरा अर्थ लागतो : 'वृद्ध' आणि 'तरुण' ही विशेषणे मुख्यतः दरीच्या अवस्थेची आहेत.

आता पाण्याकडे येऊ. तापीच्या खोऱ्यातील पावसाचा सुमारे नव्वद टक्के वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. बेसाल्टच्या भेगांत मुरणारे पाणी थोडे असते आणि ते बहुधा फेब्रुवारी-मार्चपर्यंत झिरपून संपते. त्यामुळे पाऊस पडला की नदी फुगते आणि थांबला की उतरते. ऑगस्ट 1968 च्या पुरात तापीचा विसर्ग आजच्या उकाई धरणाच्या परिसरात सेकंदाला सुमारे 42 हजार घनमीटरपर्यंत गेला होता, असे मानले जाते. खोऱ्याचा आकार लक्षात घेता हा आकडा थक्क करणारा आहे. उन्हाळ्यातील धारेशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

सतलजच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक भाग, अभ्यासकांच्या अंदाजानुसार भाक्र्यापाशी सुमारे साठ टक्के, बर्फ आणि हिमनद्या वितळून येतो. पश्चिमी विक्षोभांमुळे हिवाळ्यात पडलेला बर्फ उंचावर अडकून राहतो आणि मार्चनंतर तापमान वाढेल तसा खालून वर वितळत जातो. म्हणजे हिवाळ्यातील पाणी हिशेबात उन्हाळ्यात जमा होते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे : सतलजलाही सर्वाधिक पाणी जुलै-ऑगस्टमध्येच असते, कारण तेव्हा उंचावरील हिमनद्यांचे पाणी आणि खालच्या उतारांवरील मोसमी पाऊस एकत्र येतात. बर्फाचे खरे काम आहे ते एप्रिल ते जून हे कोरडे महिने भरून काढण्याचे. म्हणूनच भाक्र्याचा जलाशय मे महिन्याच्या उत्तरार्धापासून भरू लागतो आणि उकाईला मात्र मोसमी पावसाची वाट पाहावी लागते.

बारमाही याचा अर्थ निर्धोक असाही नाही. 2004 मध्ये तिबेटमधील पारेछू या स्पितीच्या उपनदीवर दरड कोसळून तलाव तयार झाला आणि जून 2005 मध्ये तो फुटल्यावर सतलजला पाऊस नसतानाही मोठा पूर आला. तापीच्या पुराचा इशारा पर्जन्यमापकावर मिळतो, पारेछूचा इशारा उपग्रहाच्या छायाचित्रांवर पाहावा लागला.

खानदेशाकडे बर्फ नाही, पण साठवणीची एक जागा आहे. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्या पायथ्याशी गोटे आणि भरड वाळूच्या पट्ट्यात शिरतात, तेव्हा त्यांचे बरेचसे पाणी जमिनीत मुरते आणि दक्षिणेकडे गाळाच्या थरांत उतरते. रावेर-यावलच्या केळीबागा याच पाण्यावर उभ्या आहेत. पट्टा अरुंद असल्यामुळे मुरण्याची जागा मर्यादित आहे, गाळात मध्ये मध्ये चिकणमातीचे थर असल्यामुळे सर्वत्र पाणी सारखे पोहोचत नाही, आणि उपसा मुरण्यापेक्षा अधिक झाला की विहिरी खोल कराव्या लागतात. भूजल नदीच्या तळाखाली गेले की नदी विहिरींना पाणी देऊ लागते आणि तिची स्वतःची उन्हाळी धार त्यातच आटते.