भेगांचं मलम : मेण किती, तेल किती

[दृश्य : स्टीलच्या ताटात सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला. बोटांत चुरला की कुरकुर वाजतो.]

हा आवाज यायलाच हवा. पाला जरा जरी ओलसर राहिला, तर तेलात पाणी उतरतं आणि पुढे मलमाला बुरशी धरते.

चुरलेला पाला बरणीत भरून तो बुडेल एवढं तिळाचं तेल ओतलंय. बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात, गॅस अगदी बारीक. दोन-तीन तासांत तेलाला हिरवट झाक येते. पाला करपल्याचा वास आला, तर ते तेल गेलंच म्हणायचं.

[दृश्य : मलमलच्या फडक्यातून तेल गाळलं जातंय. मग निरांजनात वात पेटते.]

गाळलेलं तेल रात्रभर ठेवलं, तळाचा गाळ तसाच सोडून वरचं घेतलं. आता जुनी परीक्षा. या तेलात भिजवलेली वात चटचट न करता जळली, म्हणजे पाणी उरलेलं नाही.

[दृश्य : वजनकाटा. पिवळं मेण सुरीने किसलं जातंय.]

मेण मधमाशीचंच हवं. त्याला मधाचा मंद वास असतो, मेणबत्तीच्या पांढऱ्या मेणाला नसतो. आणि मोजायचं वजनावर. किसलेलं मेण चमच्याने मोजलं, तर दर वेळी वेगळं भरतं.

तेल 60 ग्रॅम, मेण 10 ग्रॅम. म्हणजे सहास एक. बोटावर सहज येईल, पण डबी आडवी केली तरी ओघळणार नाही, असं मलम. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणून तेही गरम पाण्याच्या पातेल्यातच. थेट आचेवर नाही.

[दृश्य : चमच्यावर एक थेंब, चमचा फ्रिजरमध्ये.]

सगळी गंमत या चमच्यात आहे. दोन मिनिटांनी थेंब गोठतो, पण लगेच बोट लावायचं नाही. थंडगार थेंब नेहमीच घट्ट भासतो. चमचा खोलीच्या उष्णतेला आला, की मग दाबून बघायचं.

आज बाहेर मे महिना. थेंब बोटाखाली पार पसरला. मग आणखी 2 ग्रॅम मेण, पुन्हा वितळवून, पुन्हा चमचा. आता पाचास एक, आणि थेंब जागेवर राहिला. थंडीत हेच मलम टाचेवर ओढताना रुततं. तेव्हा 60 ग्रॅम तेलाला साडेसात ग्रॅम पुरे, म्हणजे आठास एक. कांडी करून थेट फिरवायची असेल तर 20 ग्रॅम. त्याहून जास्त घातलं, तर टाचेला मलम नाही, मेणाचा थर बसेल.

फार घट्ट झालं? फेकू नका. वितळवा, थोडं तेल वाढवा.

[दृश्य : कोरड्या डब्या भरल्या जातायत. कडेपासून मलम पांढुरकं होत जातं.]

निवेपर्यंत डबी हलवायची नाही, झाकण लावायचं नाही. झाकणाखाली वाफेचे थेंब साचले, की एवढ्या मेहनतीने घालवलेलं पाणी परत येतं. ओलं बोटही म्हणूनच नको. खवट वास आला की डबी टाकून द्यायची.

भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवायचा.

[दृश्य : रात्र. धुऊन कोरडी केलेली टाच, नखाएवढं मलम, वर सुती मोजा.]